आकारमान एकसारखं घटतंय, मग दाब एकसारखा का वाढत नाही?

प्रश्न: हवाबंद सिलिंडरमध्ये दट्ट्याखाली वायू आहे आणि PV = C दिलंय. आकारमान ८०० घन सेंमी आणि दाब १२० किलोपास्कल असताना आकारमान दर सेकंदाला २५ घन सेंमी या स्थिर दराने कमी होतंय. त्या क्षणी दाब किती वेगाने वाढतोय? मी आधी V = ८०० टाकलं आणि मग विकलन केलं, तर सगळं शून्यच येतं. शिवाय V ठरलेल्या वेगाने कमी होतंय तर दाबही ठरलेल्या वेगानेच वाढेल ना? मग ‘त्या क्षणी’ असं का विचारलंय?

उत्तर: त्या क्षणी दाब दर सेकंदाला ३.७५ किलोपास्कल या वेगाने वाढतोय. दुसऱ्या शंकेचं उत्तर ‘नाही’ असं आहे. आकारमान निम्मं होईपर्यंत हाच वेग १५ वर गेलेला असेल. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून एकत्रच बघू.

आधी शून्याचं. उदाहरणात दिलेली माहिती दोन प्रकारची आहे. PV = C ही गोष्ट दट्ट्या कुठेही असला तरी खरी आहे. ‘दर सेकंदाला २५ ने घट’ हीसुद्धा सतत खरी आहे, कारण दर स्थिर आहे असं स्पष्ट म्हटलंय. पण V = ८०० आणि P = १२० या फक्त एका क्षणाच्या नोंदी आहेत. पुढच्याच क्षणी त्या खोट्या ठरतात. विकलन म्हणजे ‘या क्षणापासून जरा पुढे गेलो तर काय बदलतं’ हे विचारणं. तुम्ही V च्या जागी आधीच ८०० लिहिलंत म्हणजे आकारमान कायमचं ८०० वर अडकवून ठेवलंत. दट्ट्या हलतच नसेल तर दाबही हलणार नाही, आणि गणिताने तुम्हाला तेच प्रामाणिकपणे सांगितलं. शून्य हे उत्तर चुकलेलं नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

म्हणून क्रम असा: सतत खरी असलेली समीकरणं घेऊन विकलन करायचं आणि क्षणाचे आकडे अगदी शेवटी घालायचे. C ची किंमत मात्र आधी काढून ठेवली तरी चालते. C = १२० × ८०० = ९६०००, आणि हा आकडा सगळ्या क्षणांना तोच राहतो. ‘आकडे आधी घालू नका’ हा नियम मुलं पाठ करतात आणि मग C लिहायलाही घाबरतात. बदलणाऱ्या राशीचा आकडा आधी घालू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता विकलन. मूळ नियमात काळ कुठेच नाही. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये जी मोजमापं छापली ती वाकवलेल्या काचेच्या नळीत पारा ओतून घेतली होती: पारा ओतायचा, तो स्थिरावू द्यायचा, मग आकारमान आणि दाब वाचायचे. त्या तक्त्यात सेकंद नाहीत. काळ आपण आणतो, दट्ट्या चालवून. म्हणून P आणि V ही दोन्ही काळानुसार बदलणारी फलनं आहेत असं मानायचं आणि PV = C या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं t च्या सापेक्ष विकलन करायचं. डावीकडे गुणाकार आहे, म्हणून दोन पदं येतात. उजवीकडे स्थिरांक आहे, म्हणून शून्य:

P · dV/dt + V · dP/dt = ०

यातून

dP/dt = −(P/V) · dV/dt

आता आकडे. आकारमान कमी होतंय, म्हणून dV/dt = −२५. मग dP/dt = −(१२०/८००) × (−२५) = ३.७५. एकक किलोपास्कल प्रति सेकंद. दोन ऋण चिन्हं मिळून धन झालं, आणि तसंच व्हायला हवं: जागा कमी झाली की दाब चढतो. तुमचं उत्तर −३.७५ येत असेल तर ‘२५ ने कमी होतंय’ यातला ‘कमी’ हा शब्द लिहिताना गळालाय. चिन्हाची ही चूक पकडायला वेगळं काही करावं लागत नाही. दट्ट्या खाली जाताना दाब उतरतोय असं उत्तर सांगत असेल तर ते तिथेच खोडायचं.

दोन पदं का येतात हे सूत्र म्हणून मान्य करण्यापेक्षा एकदा आकड्यांत बघा. एक सेकंद जाऊ द्या. आकारमान ८०० वरून ७७५ झालं. नवा दाब ९६००० / ७७५ = १२३.८७. म्हणजे दाब ३.८७ ने वाढला, ३.७५ ने नाही. इथे बरेच जण गोंधळतात, सूत्र चुकलं की काय असं वाटतं. गुणाकाराचा हिशोब मांडून बघू. आकारमान २५ ने घटल्यामुळे PV मधून १२० × २५ = ३००० गेले. दाब वाढल्यामुळे ८०० × ३.८७ म्हणजे जवळपास ३०९७ आले. हे दोन जुळत नाहीत, ९७ चा फरक राहतो. हा फरक म्हणजे दोन्ही बदलांचा आपसातला गुणाकार: २५ × ३.८७. वाढलेला दाब घटलेल्या आकारमानावरच लागू होतो, पण आपण तो पूर्ण ८०० ने गुणला, म्हणून तेवढा जास्तीचा मोजला गेला.

आता एका सेकंदाऐवजी एक दशांश सेकंद घ्या. आकारमान ७९७.५, दाब १२०.३७६. आकारमानामुळे गेले ३००, दाबामुळे आले ३००.९४, फरक फक्त ०.९४. वेळ दहापट कमी केली तर दोन्ही मुख्य पदं दहापट लहान झाली, पण फरकाचं पद जवळपास शंभरपट लहान झालं. वेळ आणखी कमी करत गेलात तर ते नगण्य होतं आणि उरतात फक्त दोन पदं, एकमेकांना बरोबर तोलणारी. या दशांश सेकंदाचा वेग काढा: ०.३७६ / ०.१ म्हणजे ३.७६. शतांश सेकंदासाठी तो ३.७५१ येतो. आकडे ३.७५ कडेच सरकताहेत. उत्तर तपासायची ही साधी सोय आहे. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसला तरी घरी सराव करताना एकदा तरी असं करून बघा.

आता तुमची दुसरी शंका, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आकारमान एकसारखं घटत असताना दाब एकसारखा का चढत नाही? सूत्रातच बघा: २५ हा आकडा स्थिर आहे, पण त्याला गुणणारा P/V स्थिर नाही. दट्ट्या खाली जाताना वर बसलेला P वाढतो आणि खाली बसलेला V घटतो. दोन्ही गोष्टी गुणोत्तराला एकाच दिशेने ढकलतात. P च्या जागी C/V लिहिलं की हे उघडच दिसतं:

dP/dt = २५ × ९६००० / V²

छेदात V चा वर्ग आहे. म्हणून आकारमान निम्मं झालं की वेग चौपट. V = ८०० ला वेग ३.७५ होता, V = ४०० ला १५ होईल, V = २०० ला ६० आणि V = १०० ला २४०. दट्ट्याची चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच आहे, पण ८०० मधून २५ काढणं म्हणजे जेमतेम तीन टक्के जागा काढून घेणं, आणि १०० मधून तेच २५ काढणं म्हणजे पाव भाग काढून घेणं.

‘त्या क्षणी’ हे शब्द म्हणूनच लागतात. ते काढून टाकले तर प्रश्नाला उत्तरच उरत नाही. ‘८०० पासून ४०० पर्यंत दाब किती वेगाने वाढला’ असं कुणी विचारलं तर सरासरी देता येते: ४०० घन सेंमी घट व्हायला १६ सेकंद लागले, दाब १२० वरून २४० झाला, म्हणजे सरासरी ७.५ किलोपास्कल प्रति सेकंद. लक्षात घ्या, हा आकडा ३.७५ आणि १५ यांची बेरीज करून दोनने भागल्यावर येत नाही, तसं केलं तर ९.३७५ येतील. पहिली काही सेकंदं दाब सावकाश चढतो आणि त्या सावकाश चढण्यात जास्त वेळ जातो, म्हणून खरी सरासरी खाली राहते. (३.७५ आणि १५ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ मात्र बरोबर ७.५ येतं. हा योगायोग नाही, छेदात वर्ग असल्यामुळे तसंच येणार. सिद्ध करून बघा, चार ओळींचं काम आहे.)

दर स्थिर आहे, त्यामुळे इथे आणखी एक सरळ रस्ता उपलब्ध आहे. V = ८०० − २५t लिहा, P = ९६००० / (८०० − २५t), आणि थेट विकलन करा. t = ० ठेवलं की ३.७५ च येतं. मग आधीचा रस्ता शिकायचाच कशाला? कारण हा दुसरा रस्ता फक्त V चं पूर्ण सूत्र माहीत असेल तेव्हाच चालतो. प्रश्नात ‘स्थिर दराने’ नसतं आणि ‘त्या क्षणी दर २५ आहे’ एवढंच असतं, तर V पुढे कसं जाणार हे आपल्याला माहीत नसतं. तरीही पहिल्या रस्त्याने उत्तर ३.७५ च आलं असतं, कारण त्याला त्या क्षणाचा P, V आणि dV/dt एवढंच लागतं. शेवटी, t = ३२ ला आकारमान शून्य होतं आणि सूत्र अनंत दाब दाखवतं. तिथवर कुठलाच वायू हा नियम पाळत नाही. खूप दाबल्यावर रेणूंचं स्वतःचं आकारमान आणि त्यांच्यातलं आकर्षण मध्ये येतं, आणि PV स्थिर राहत नाही.

मी स्वतः हे गणित लिहिताना सूत्र थोडं फिरवून घेतो:

(१/P) · dP/dt = −(१/V) · dV/dt

म्हणजे आकारमान ज्या टक्केवारीने घटतं त्याच टक्केवारीने त्या क्षणी दाब वाढतो. ८०० पैकी २५ म्हणजे ३.१२५ टक्के. १२० चे ३.१२५ टक्के ३.७५. झालं. याचा आणखी एक फायदा आहे: आकारमान लिटरमध्ये असो की घन सेंटिमीटरमध्ये, टक्केवारी तीच राहते, त्यामुळे एककं बदलत बसावं लागत नाही. फक्त V आणि dV/dt एकाच एककात हवेत. उत्तर P च्या एककात येतं.

कागदावरचं गणित इथे संपलं. पण हेच तुम्ही खऱ्या सिलिंडरवर आणि दाबमापकावर करून बघणार असाल तर दोन ठिकाणी आकडे दगा देतात.

पहिलं ठिकाण म्हणजे मापकावरचा दाब. नेहमीचा दाबमापक बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा आतला दाब किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. उघड्या हवेत तो शून्य दाखवतो, जरी तिथे सुमारे १०१ किलोपास्कल दाब असला तरी. PV = C मधला P मात्र पूर्ण दाब हवा. मापकावर १२० दिसत असतील तर खरा P सुमारे २२१ आहे, आणि दाब वाढायचा वेग २२१ × २५ / ८०० म्हणजे सुमारे ६.९, ३.७५ नव्हे. जवळजवळ दुपटीची चूक. इथे एक बारकावा आहे. वेग मोजायला मापक अगदी योग्य आहे, कारण १०१ हा स्थिर आकडा वजा झालेला असला तरी बदल तोच राहतो. चूक होते ती सूत्राच्या उजव्या बाजूला, P च्या जागी मापकाचा आकडा घातला की. ओळखायचं कसं? दोन ठिकाणी मापकाचा आकडा आणि आकारमान यांचा गुणाकार करा. वरच्या उदाहरणात ८०० ला १२०, म्हणजे ९६०००. आकारमान ४०० केलं की पूर्ण दाब ४४२, मापकावर ३४१, गुणाकार १,३६,४००. गुणाकार स्थिर नाही, म्हणजे तुम्ही चुकीचा दाब घेताय. बॉइलने हे तेव्हाच सांभाळलं होतं. नळीतल्या पाऱ्याच्या उंचीत त्याने बाहेरच्या हवेच्या दाबाचे सुमारे २९ इंच प्रत्येक ओळीत मिळवले होते, आणि मगच गुणाकार जुळला.

दुसरं ठिकाण म्हणजे तापमान. PV = C हे तापमान स्थिर असेल तरच. दट्ट्या वायूवर काम करतो आणि ते काम वायूत उष्णता म्हणून साठू बघतं. किती? दाब गुणिले आकारमान घटण्याचा दर: १२०००० पास्कल × ०.००००२५ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे ३ वॅट. V = ४०० ला दाब दुप्पट झालेला असल्यामुळे ६ वॅट. सिलिंडरच्या भिंतींमधून त्या त्या क्षणी एवढी उष्णता बाहेर जात असेल तरच आपलं सूत्र लागू. दट्ट्या फार वेगात दाबला आणि उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, तर दुसरं टोक येतं. तिथे हवेसाठी PV ऐवजी P गुणिले V चा १.४ वा घात स्थिर राहतो. विकलनाची रीत तीच, फक्त १.४ बाहेर येतो: dP/dt = १.४ × ३.७५ = ५.२५. म्हणजे हवा कोंडलेली असेल तर सुरुवातीचा खरा वेग ३.७५ आणि ५.२५ यांच्यामध्ये कुठेतरी असणार. १६ सेकंदांत आकारमान निम्मं केलं तर तो ३.७५ च्या किती जवळ राहील हे भिंतींवर अवलंबून आहे: बारीक धातूची नळी असेल तर बराच जवळ, जाड प्लास्टिक असेल तर तितका नाही.

हे तपासायला दट्ट्या ४०० वर थांबवा आणि मापकाकडे बघत राहा. तापमान स्थिर राहिलं असेल तर पूर्ण दाब २४० वर येऊन तिथेच थांबेल. वायू तापला असेल तर पूर्ण दाब आधी २४० च्या वर गेलेला दिसेल (उष्णता अजिबात गेली नसेल तर सुमारे ३१७ पर्यंत) आणि मग निवता निवता २४० वर येऊन स्थिरावेल. पूर्ण दाब २४० च्याही खाली घसरत राहिला तर दोष तापमानाचा नाही, सील गळतंय.

गळती असली तरी रीत मोडत नाही. फक्त C आता स्थिर नाही, म्हणून उजवीकडचं शून्य जाऊन तिथे dC/dt येतं:

P · dV/dt + V · dP/dt = dC/dt

समजा आपल्या पहिल्या क्षणी गळतीमुळे C दर सेकंदाला ४०० ने घटतोय. मग −३००० + ८०० · dP/dt = −४००, म्हणजे dP/dt = २६०० / ८०० = ३.२५. त्याच क्षणी गळती ४०० ऐवजी ३००० असती तर dP/dt शून्य: दट्ट्या तितक्याच वेगाने खाली जातोय, आणि दाब त्या क्षणी जागचा हलत नाही.